वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड एका पानावर उतरवताना

शेजारच्या काकूंचं कपड्यांचं मशीन २०२५ च्या नरकचतुर्दशीला थांबलं. पाणी घेत होतं, सोडत होतं, पण ड्रम फिरत नव्हता. काकू म्हणाल्या, "आता दिवाळीत कोण येणार? भाऊबीज झाली की बघू." मी बिल मागवलं. खरेदी २४ ऑक्टोबर २०२३ ची, म्हणजे दसऱ्याची. कार्डावर दोन वर्षांची वॉरंटी. म्हणजे ती संपत होती २३ ऑक्टोबर २०२५ ला, नेमकी भाऊबिजेच्या दिवशी. पाडव्याला सकाळी बसून तक्रार नोंदवली आणि मग दुपारी त्या कार्डाचं एक पान करून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

मी बरीच वर्षं दुरुस्ती केंद्रात तक्रारी घेणाऱ्या टेबलावर होतो. कार्ड घेऊन येणारी माणसं तिथे रोज बघितली. बहुतेकांनी पुढच्या पानावरचा '१० वर्षे' हा मोठा आकडा वाचलेला असायचा आणि मागची बारीक अक्षरं सोडलेली असायची. कार्ड आटोपशीर करायचं तर मी उलट्या बाजूनेच सुरुवात करतो. आधी काय मिळत नाही ते, मग तारखा, मग काय मिळतं ते. तक्रारीचे टप्पे शेवटी, कारण ते आधीच्या तिन्हींवर ठरतात.

काकूंच्या कार्डात 'मिळणार नाही' ची वीसेक कलमं होती. पण त्यांचे गठ्ठे केले तर चारच निघतात. पहिला, झिजणारे आणि फुटणारे भाग: इनलेट पाइप, ड्रेन पाइप, रबर, काच, प्लॅस्टिकची बटणं, फिल्टर. दुसरा, बाहेरून झालेलं नुकसान: विजेचा दाब कमीजास्त होणं, उंदरांनी वायर कुरतडणं, गंज, पाण्यातला क्षार, पूर. तिसरा, चुकीचा वापर: व्यवसायासाठी वापरणं, कंपनीने न नेमलेल्या माणसाकडून उघडणं, सीरियल नंबर खोडलेला असणं. चौथा, जे दुरुस्ती नाहीच ते: मशीन बसवणं, जागा बदलणं, कसं वापरायचं ते दाखवणं, फिल्टर साफ करणं. एकदा गठ्ठे पडले की प्रत्येकातलं आपल्या घराला लागू होणारं तेवढंच पानावर घ्यायचं.

पुण्यात त्यातली तीन खरोखर लागू होतात. एक म्हणजे पाणी. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी आलं की त्यातला क्षार हीटरवर पांढऱ्या खरवडीसारखा बसतो. पुष्कळ कार्डांत 'जड पाण्यामुळे साचलेल्या थरामुळे होणारा बिघाड' असं वेगळं कलम असतं. हीटर काढल्यावर पांढरा थर दिसला तर तंत्रज्ञ ते कलम दाखवणार. म्हणून काकूंच्या पानावर लिहिलं: 'टँकर चालू असेल त्या महिन्यात क्षार काढायची पावडर, आणि तिची पावती ठेवायची.' दुसरं म्हणजे उंदीर. तळमजल्यावर, पार्किंगला लागून असलेल्या बाल्कनीत मशीन ठेवलं असेल तर हे हसण्यावारी नेऊ नका. कुरतडलेली वायर दिसली की तेवढ्या वायरपुरतीच नाही, त्यामुळे जळालेल्या भागाचीही जबाबदारी कंपनी घेत नाही. तिसरं पूर. २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत घराघरात पाणी शिरलं होतं. तसं मशीनमध्ये पाणी गेलं तर वॉरंटी कार्ड शोधण्यात वेळ घालवू नये. तो घरगुती विम्याचा विषय आहे.

पीजीवाल्यांसाठी थोडं वेगळं. कोथरूड, विमाननगर भागात घरमालक मुलांसाठी घरगुती मशीनच आणून ठेवतात. कार्डात 'फक्त घरगुती वापरासाठी' असं असतं आणि वसतिगृह, लॉन्ड्री, हॉटेल यांची नावं बहुधा तिथेच असतात. दिवसाला आठ फेऱ्या झालेल्या मशीनला कंपनी नाही म्हणू शकते. पण कार्ड आणि कायदा यांत फरक आहे. स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी एखाद्याने वस्तू घेऊन स्वतः वापरली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्याला ग्राहकच मानतो. त्यामुळे कार्डाचं दार बंद झालं तरी ग्राहक आयोगाचं दार त्याच कारणासाठी आपोआप बंद होत नाही.

आता तारखा. 'दोन वर्षे' असं पानावर लिहू नये, शेवटची तारीख लिहावी. काकूंकडे तीन तारखा होत्या: बिल २४ ऑक्टोबर, मशीन घरी आलं २६ ला, बसवून दिलं २८ ला. कार्डात 'खरेदीच्या तारखेपासून' असे शब्द होते, म्हणून बिलाचीच तारीख धरायची. काही कार्डांत 'बसवल्याच्या तारखेपासून' असतं, तेव्हा बसवल्याचा कागद हवा. आणि एक वाक्य जवळजवळ सगळ्या कार्डांत सापडतं: दुरुस्ती केली किंवा भाग बदलला म्हणून मुदत वाढत नाही. दीड वर्षाने बसवलेल्या नव्या पंपाला पुन्हा दोन वर्षं मिळतात असा समज असतो. त्याला राहिलेले सहाच महिने मिळतात.

मग ते '१० वर्षे'. ती मोटरची मुदत, आणि फक्त मोटरची. काकूंच्या बाबतीत ती २३ ऑक्टोबर २०३३ पर्यंत आहे. पण ड्रम फिरत नाही म्हणजे मोटर गेली असं नव्हे. दाराचं लॉक लागल्याचा इशारा पोचला नाही, पट्टा सुटला, मोटरच्या वेगाचा सेन्सर बिघडला किंवा मोटरला हुकूम देणारा सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी जळाला, तरी बाहेरून चित्र तेच. हे भाग बहुधा मोटरमध्ये धरत नाहीत. शिवाय पहिल्या दोन वर्षांनंतर मोटर खरोखर गेली तरी बहुतेक कार्डांत फक्त तो भाग फुकट असतो. तंत्रज्ञाची फेरी, मजुरी आणि त्यावरचा जीएसटी आपल्याला भरावा लागतो. म्हणून पानावर दोन वेगळ्या ओळी: 'सगळं, मजुरीसकट: २३/१०/२०२५. फक्त मोटर, मजुरी आपली: २३/१०/२०३३.' मला विचाराल तर अख्ख्या कार्डात याहून कामाचं काही नाही.

वॉरंटी मागायला कोण पात्र, हा प्रश्न लग्नसराईत येतो. मशीन मामाने घेतलं, बिल मामाच्या नावावर, आणि मशीन भाचीच्या सासरी वारज्याला. कार्डात 'मूळ खरेदीदारालाच' असं असेल तर अडवणूक होऊ शकते. दुकानातून बिल करतानाच ज्याच्या घरी मशीन जाणार त्याचं नाव घालून घ्यावं. नंतर बदलायचं म्हटलं की दुकानदार टाळतो. जुनं मशीन विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीही आधी ही ओळ बघावी.

कागद लागतात ते असे: जीएसटीचं बिल, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर, दुकानाचा शिक्का मारलेलं कार्ड, मशीनवरच्या पट्टीचा फोटो, म्हणजे बिलावरचा नंबर आणि मशीनवरचा नंबर एकच आहे हे दिसतं. समोरून दार असलेल्या मशीनला ही पट्टी पुष्कळदा दाराच्या कडेला किंवा मागे असते. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. दोन वर्षांत ते कोरं होतं आणि मग शिक्का असलेलं कार्डही एकटं पडतं.

काकूंच्या कपाटात आता हे पान आहे:

मिळतं: पीसीबी, पंप, लॉक, सेन्सर, मोटर, मजुरी.
मिळत नाही: पाइप, रबर, फिल्टर, काच; उंदीर, गंज, क्षार, विजेचा दाब; बाहेरच्या माणसाने उघडलं तर काहीच नाही.
मुदत: वर लिहिलेल्या दोन तारखा.
मागायचं कसं: आधी फिल्टर काढून बघणं. मग कंपनीच्या नंबरवर तक्रार, तक्रार क्रमांकाचा मेसेज जपणं, जॉबशीट वाचून सही, काम झाल्यावरच ओटीपी.

फिल्टर आधी का? कारण त्यात पिन किंवा नाणं निघालं तर तो बिघाड नसतो आणि फेरीचे पैसे लागतात. शेवटच्या तीन गोष्टींवर मात्र खरं भांडण होतं. तंत्रज्ञ २७ ऑक्टोबरला आला आणि दारातच म्हणाला, "काकू, वॉरंटी संपली. पैसे लागतील." त्यांनी २२ तारखेचा तक्रार क्रमांकाचा मेसेज पुढे केला. त्याने फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि मागचं झाकण उघडलं. पीसीबी गेला होता. जॉबशीटवर त्याने कारणाच्या रकान्यात 'विजेचा दाब' लिहायला घेतलं, तेव्हा काकूंनी विचारलं की घरात फ्रिज, टीव्ही, पंखे सगळं नीट चालू असताना दाब नेमका याच मशीनला कसा लागला. त्याने रकाना बदलून 'भाग निकामी' लिहिलं. त्या एका शब्दावर पैसे द्यायचे की नाहीत ते ठरणार होतं. भाग नव्हता, तो आठ दिवसांनी येणार होता, तरी त्याने तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. काकूंनी दिला नाही. ओटीपी दिला असता तर कागदोपत्री ती तक्रार पूर्ण झाली असती आणि नवी तक्रार मुदतीनंतरची ठरली असती.

भाग आलाच नसता तर पुढची पायरी म्हणजे १९१५ वर फोन किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार. त्याला पैसे लागत नाहीत. त्यानेही भागलं नाही तर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं. कार्डावर 'वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात' असं छापलेलं असलं तरी घाबरून जाऊ नका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ती ओळ मी कुणाच्याच पानावर उतरवत नाही.

काकूंचा पीसीबी चार नोव्हेंबरला बसला. ओटीपी त्यांनी एक फेरी कपडे धुऊन, पिळून झाल्यावर दिला.