फ्रेंच ताळेबंदातले आकडे इंग्रजीत नेताना: स्वल्पविरामाची आणि मोकळ्या जागेची पार्श्वभूमी

फ्रेंच कंपनीचे आर्थिक विवरणपत्र इंग्रजीत आणताना शब्दांइतकेच आकड्यांचेही भाषांतर करावे लागते. हे काम वरवर पाहता यांत्रिक वाटते: स्वल्पविरामाच्या जागी टिंब, मोकळ्या जागेच्या जागी स्वल्पविराम, की झाले. प्रत्यक्षात या खुणांमागे तीन-चार शतकांचे वेगवेगळे निर्णय आहेत आणि त्यांपैकी सर्वांत निरुपद्रवी दिसणारी खूण, म्हणजे मोकळी जागा, हीच सर्वांत जास्त घात करते.

फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिन यांनी १५८५ मध्ये दशांश अपूर्णांकांवरची आपली पुस्तिका डच आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत काढली, तेव्हा पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामध्ये एकच खूण ठेवण्याची रीत अजून रुजायची होती. ते प्रत्येक अंकाशेजारी वर्तुळात त्याचे स्थान लिहीत. पुढच्या शतकात टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही वापरात आले. जर्मन गणिती लायब्निट्झ यांनी १६९८ मध्ये योहान बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात गुणाकारासाठी फुलीऐवजी टिंब सुचवले, कारण फुली अज्ञात संख्येसाठीच्या x या अक्षरासारखी दिसे. युरोप खंडात टिंब असे गुणाकाराकडे झुकले आणि दशांशासाठी स्वल्पविराम सोयीचा ठरला, तर इंग्लंडमध्ये फुली टिकल्याने टिंब दशांशासाठी मोकळे राहिले.

हिशेबाच्या वह्यांच्या बाबतीत दोन्ही देशांतील अंतर आणखी मोठे आहे. फ्रान्समध्ये दशमान चलन क्रांतीच्या काळातच, १७९५ मध्ये आले, म्हणजे आधी फ्रँक आणि सेंटिम, आता युरो आणि सेंट यांच्यामधला स्वल्पविराम फ्रेंच कारकुनाच्या हातात दोन शतकांहून अधिक काळ आहे. ब्रिटनमध्ये मात्र पौंड, शिलिंग आणि पेन्स हे स्वतंत्र रकान्यांत लिहिले जात आणि चलन दशमान झाले ते १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. तोवर ब्रिटिश हिशेबात पैशाच्या रकमेला दशांशचिन्हाची गरज फारशी पडत नव्हती आणि स्वल्पविराम हजारांसाठी निर्धास्तपणे वापरता येत होता.

हजारांच्या खुणेचा तिढा आंतरराष्ट्रीय पातळीवर सोडवण्याचा प्रयत्न १९४८ मध्ये झाला. वजनमापांच्या नवव्या सर्वसाधारण परिषदेने स्वल्पविराम ही फ्रेंच आणि टिंब ही ब्रिटिश पद्धत अशा दोन्ही दशांशचिन्हांना जागा दिली आणि त्याच ठरावात असे म्हटले, की आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून तीन-तीनचे गट पाडले तर त्यांच्यामध्ये फक्त मोकळी जागा सोडावी, टिंब किंवा स्वल्पविराम कधीही घालू नये. टिंबाने हजार तोडण्याची जुनी रीत अजून कुठे कुठे दिसते. पण आजच्या फ्रेंच ताळेबंदात बहुतेक वेळा मोकळी जागाच असते.

या तडजोडीची किंमत भाषांतरकाराला मोजावी लागते, कारण मोकळी जागा दोन शब्दांमध्येही असते आणि दोन रकान्यांमध्येही. पीडीएफमधून उचललेला एक नमुना पाहा. आकडे काल्पनिक आहेत, पण मांडणी रोज भेटणारी आहे.

```
                Note  2023  2022
Emprunts 11 1 236 1 402
Provisions 12 480 365
Total 1 716 1 767
```

तरतुदींच्या ओळीतील `12 480 365` हा आकडा एक कोटी चोवीस लाख ऐंशी हजार तीनशे पासष्ट असा वाचता येतो. खरे तर बारा हा टिपणीचा क्रमांक आहे, ४८० ही २०२३ ची आणि ३६५ ही २०२२ ची रक्कम. खात्री बेरजेने होते: १,२३६ आणि ४८० मिळून १,७१६ होतात, आणि १,४०२ व ३६५ मिळून १,७६७. इंग्रजी आकडे तयार झाल्यावर प्रत्येक रकान्याची बेरीज पुन्हा करून पाहणे, ही या कामातील सर्वांत स्वस्त तपासणी आहे. मूळ फाइल वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये असेल, तर आकड्याच्या आतील जागा बहुधा न तुटणारी असते, म्हणजे `U+00A0` किंवा अरुंद `U+202F`, आणि रकान्यांमध्ये साधी जागा किंवा टॅब असतो. दोन्हींची वेगवेगळी शोधाशोध करता येते. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसंचाने २०१८ मध्ये फ्रेंच हजारांसाठी अरुंद जागा स्वीकारल्यानंतर, जुनी जागा गृहीत धरणाऱ्या प्रोग्रामना तोच आकडा ओळखेनासा झाल्याचे अनेकांनी अनुभवले आहे.

सरसकट शोधा-आणि-बदला करण्याचा मोह टाळावा. स्वल्पविराम दोन अंकांच्या अगदी मध्ये असेल तरच त्याचे टिंब करावे, नाहीतर वाक्यातले विरामही बदलले जातात. जिथे जुन्या धाटणीने `1.234.567,89` असे लिहिले असेल, तिथे स्वल्पविरामाचे टिंब आधी केले, तर सगळीच टिंबे सारखी होऊन बसतात. म्हणून आधी हजारांचे टिंब काढावे आणि मगच दशांशाकडे वळावे. शिवाय तीन-तीनच्या गटांत छापलेला प्रत्येक आकडा रक्कम नसतो. फ्रेंच कंपनीचा नऊ अंकी नोंदणी क्रमांक, ज्याला तिकडे सिरेन म्हणतात, `123 456 789` अशा थाटात छापला जातो. त्यात स्वल्पविराम घातले, तर तळटिपेतील नोंदणी क्रमांकाची बारा कोटींची रक्कम होते.

आता एक ओळ प्रत्यक्ष बदलून पाहू.

```
Prix de cession au 04/03/2024 : 1 250,375 k€
Sale price at 4 March 2024: €1,250.375 thousand
```

येथे स्वल्पविरामानंतर नेमके तीन अंक आले आहेत, आणि धोका तिथेच आहे. फ्रेंच आकडा तसाच राहिला तर इंग्रजी वाचक स्वल्पविराम हजारांचा समजेल आणि साडेबारा लाख युरोंची रक्कम हजारपट करून वाचेल. दोन अंक आले असते, तर चूक सहज डोळ्यांत भरली असती.

तारखेच्या बाबतीत कोणत्या इंग्रजीसाठी काम चालले आहे, हे आधी विचारावे लागते. ब्रिटिश क्रम फ्रेंचांसारखाच दिवस, महिना, वर्ष असा आहे, त्यामुळे लंडनच्या वाचकाला `04/03/2024` जसेच्या तसे चालेल. न्यूयॉर्कचा वाचक ते ३ एप्रिल वाचेल, आणि ताळेबंदाच्या दिनांकानंतरच्या घटनांची टिपणी भलत्याच महिन्यात जाईल. म्हणून महिना अक्षरांत लिहावा. गंमत अशी, की तारखा आणि वेळ दशमान करण्याचा फ्रान्सने एकदा प्रयत्न करून पाहिला होता: मीटरची व्याख्या देणाऱ्या ७ एप्रिल १७९५ च्या कायद्यानेच दहा तासांच्या दिवसाची सक्ती स्थगित केली, आणि प्रजासत्ताक पंचांग १८०५ च्या अखेरीस गुंडाळले गेले.

चोवीस तासांची घड्याळपद्धत मात्र फ्रान्समध्ये रुजली. रेल्वेने ती १९१२ मध्ये स्वीकारली. सूचनापत्रातील `17 h 45` इंग्रजीत `5.45 p.m.` होते आणि परदेशी गुंतवणूकदारांसाठी पॅरिसची वेळ असे जोडावे लागते. अवघड फक्त मध्यरात्र आहे. हमीपत्राची मुदत `31 décembre à 24 h` संपते, तेव्हा तो दिवस पूर्ण संपेपर्यंत हमी चालू असते. ते `12 a.m. on 31 December` असे उतरवले, तर हमी एक पूर्ण दिवस आधीच संपते. त्यामुळे तिथे आकडा न लिहिता `at the end of 31 December` असे शब्दांत लिहिणेच योग्य.