मिक्सरमध्ये सुटणारे तेल आणि बरणीत वर येणारे तेल

घरी पीनट बटर करताना शेंगदाण्यातील तेल दोन वेळा नजरेस पडते, एकदा मिक्सरच्या भांड्यात आणि नंतर बरणीत. दिसायला दोन्ही सारखेच असले तरी पहिले तेल सुटल्याशिवाय पीनट बटर तयारच होत नाही, तर दुसरे वर येणे म्हणजे तयार झालेली घडण मोडणे होय. या दोन्हींत गल्लत झाली की दळण अर्ध्यावर थांबवले जाते किंवा नको तेथे वरून तेल ओतले जाते.

शेंगदाण्याच्या वजनाच्या जवळपास निम्मे तेलच असते, पण ते दाण्यातील सूक्ष्म पेशींमध्ये कोंडलेले असते. भाजल्याने दाण्यातील ओल निघून जाते, दाणा ठिसूळ होतो आणि पुढे पाती त्या पेशी सहज फोडू शकतात. म्हणून अर्धा किलो दाणे आधी निवडून, सुरकुतलेले, काळे किंवा बुरशीचे दाणे काढून टाकावेत, कारण बुरशीचे विष भाजल्याने पूर्ण जात नाही. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, साधारण पंधरा मिनिटे भाजावेत. साल चोळताच निघाले आणि दाणा फोडल्यावर आतून फिकट बदामी दिसला की भाजणे पुरे झाले. आत पांढरा राहिलेला दाणा कच्चा लागतो आणि नीट दळला जात नाही, तपकिरी झालेला कडवट लागतो. साले चोळून सुपात पाखडून घ्यावीत आणि दाणे कोमट असतानाच दळायला घ्यावेत.

दळताना पहिल्या मिनिटभरात आपल्या नेहमीच्या भाजीत घालतो तसा कूट होतो. त्यानंतर तो तेलकट होऊन भांड्याच्या कडांना चिकटतो आणि पात्यांभोवती गोळा बनतो. बहुतेकांचा धीर येथेच सुटतो. मिश्रण कोरडे आहे असे वाटून चमचाभर पाणी घातले जाते आणि ते लगेच घट्ट, चिकट होऊन बसते, कारण दाण्यातील प्रथिने व साखर पाणी शोषून एकमेकांना चिकटतात. गुळाचा पाक किंवा मध घातल्यावरही हेच घडते; गोडवा हवा असेल तर पिठीसाखर घालावी. पाणी पडलेले मिश्रण टिकतही नाही. खरे तर हवे असलेले तेल आतच असते. मिक्सर अर्धा-एक मिनिट चालवावा, थांबवावा, कडांचे मिश्रण खाली ओढावे, मोटर तापल्यास थोडी विश्रांती द्यावी. काही मिनिटांत गोळा आपोआप सैल होतो आणि चमच्यावरून धारेने पडू लागतो.

आता बरणीतील तेल. दाण्याचा घन भाग तेलापेक्षा जड असल्याने तो हळूहळू खाली बसतो आणि तेल वर तरंगते. कण जितके मोठे, तितके ते लवकर बसतात. तेल गरम होऊन पातळ झाले की वेग आणखी वाढतो. म्हणून धारेने पडू लागल्यावरही आणखी दोन-तीन मिनिटे दळणे हाच वेगळे होणे लांबवण्याचा घरगुती आणि खात्रीचा उपाय आहे. बाजारातील पीनट बटरमध्ये उच्च तापमानाला वितळणारे घट्ट वनस्पती तेल अगदी थोडे मिसळतात. थंड होताना त्याच्या स्फटिकांची जाळी तयार होते आणि तेल तिच्यात अडकून राहते.

त्याऐवजी खोबरेल घालावे असा सल्ला बऱ्याच पाककृतींत असतो. तो खानदेशच्या उन्हाळ्यात कुचकामी आहे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळते, तूपही पस्तिशीच्या आतबाहेर पातळ होते, आणि जळगाव-भुसावळात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा खोलीत ते जाळी तर धरतच नाही, उलट द्रव तेल वाढल्याने वेगळे होण्याला मदतच होते. फ्रिजमध्ये ते गोठते, पण तेथे बारीक दळलेले पीनट बटर तसेही घट्ट राहते. त्यामुळे आपल्याकडे बरणी फ्रिजमध्ये ठेवणेच शहाणपणाचे.

वर आलेले तेल ओतून टाकू नये, कारण मग खाली कोरडा, न पसरणारा थर उरतो. बरणी काही तास उलटी ठेवावी आणि नंतर कोरड्या चमच्याने बुडापासून ढवळावे. वर तरंगणाऱ्या तेलाने पदार्थ बिघडत नाही. बिघडल्याची खूण खवट वास ही असते, आणि तो आला तर मात्र कितीही ढवळून उपयोग नाही.