निरांजन मध्येच का विझतं? संध्याकाळच्या आरतीसाठी थोडी माहिती

आमच्याकडून निरांजन, फुलवाती आणि कापूर नेणाऱ्या सगळ्या ताई-भाऊंसाठी

कानबाई आणि गणपती जवळ आले की दुकानात एकच तक्रार रोज ऐकू येते : "भाऊ, तुमनं निरांजन ईझी जास." पहिली आरती नीट होते, शंकराची सुरू झाली की ज्योत बारीक होते आणि देवीच्या आरतीला निरांजन शांत होतं. मग निरांजनाची वाटी उथळ आहे, पितळ हलकं आहे, असं म्हणून लोक ते बदलायला आणतात. आम्ही ते निरांजन गल्ल्याजवळच लावून दाखवतो. ते जळतं, कारण बहुतेक वेळा दोष फुलवातीचा असतो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. पारोळ्याकडच्या एक ताई दुसऱ्या गुरुवारनंतर तेच निरांजन परत घेऊन आल्या. मी विचारलं, "तूप कसं घालता?" थंडीने बरणीतलं तूप दगडासारखं झालेलं. त्या चमच्याने खडा काढायच्या, कोरड्या फुलवातीशेजारी ठेवायच्या आणि काडी लावायच्या. आता बघा काय होतं. ज्योत जळते ती वातीतून वर चढलेल्या पातळ तुपावर. तूप घट्ट असलं तर ते चढत नाही, मग कापूसच जळतो. शेंडा काळा पडतो, त्याची खपली होते आणि त्या खपलीतून नंतर तूप वितळलं तरी वर येत नाही. शेंडा काळा आणि खाली तूप तसंच शिल्लक दिसलं, तर फुलवात कोरडी लावली गेली एवढं नक्की समजा.

उपाय सोपा आहे. तूप कोमट करून पातळ करा, फुलवात त्यात पूर्ण बुडवा आणि पांढरा कापूस तुपाने पिवळसर होईपर्यंत, म्हणजे निदान दहा मिनिटं राहू द्या. मग ती निरांजनात बसवा, शेंडा दोन बोटांनी पिळून ताठ करा आणि वरून चहाचा एक चमचा पातळ तूप घाला. एवढ्यात अर्धा तास सहज निघतो. पाच आरत्या, घालीन लोटांगण आणि मंत्रपुष्पांजली संथपणे म्हटली तरी इतका वेळ लागत नाही. आठवड्याच्या फुलवाती एकदाच भिजवून डब्यात ठेवल्या की दिवेलागणीला घाई होत नाही. चिंच-मिठाने घासलेलं निरांजन मात्र आधी कोरडं पुसा. वाटीत पाण्याचा थेंब राहिला तर ज्योत तडतडते.

आपल्याकडे घरच्या शेतातला कापूस असतो, त्याच्या वाती जरूर करा. फक्त सरकी आणि पाल्याचा चुरा नीट वेचा, कारण त्या चुऱ्याशी ज्योत फुटते आणि धूर होतो. विकतच्या वातीची शंका आली तर एक वात कोरडी जाळून पाहा. खऱ्या कापसाची मऊ राख होते. कृत्रिम धागा असेल तर तो वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. आमच्या भिजवलेल्या फुलवाती बाजारातल्यापेक्षा महाग आहेत, हे आम्हाला रोज ऐकावं लागतं. त्या साजूक तुपात भिजवलेल्या असतात, वनस्पती तुपात नाही. फरक तेवढाच आहे, आणि तो वासावरून कळतो. ज्यांना घरी भिजवायला वेळ आहे त्यांनी कोरडं पाकीटच न्यावं, आम्हीही तेच सांगतो.

दुसरं कारण हाताच्या वेगाचं. टाळ्यांच्या नादात ताट भराभर फिरतं आणि ज्योत आडवी होते. उन्हाळ्यात भर म्हणून समोर कूलर चालू असतो. तो आरतीपुरता बंद करा आणि एका ओळीला एकच फेरी घाला. फेरी घड्याळाच्या काट्यांसारखी, म्हणजे आपल्या डावीकडून वर, मग उजवीकडे आणि खाली. उजव्या हातात ताट, डाव्या हातात घंटी.

किती फेऱ्या, हेही खूप जण विचारतात. एक जुनी पद्धत चौदा फेऱ्यांची आहे : चरणांपाशी चार, नाभीपाशी दोन, मुखापाशी एक आणि सर्वांगावरून सात. ती गणपतीच्या आरतीवर कशी बसते ते पाहा. "सुखकर्ता दुःखहर्ता" हे पहिलं कडवं चार ओळींचं, त्या चार फेऱ्या चरणांपाशी. "जय देव जय देव" हे धृपद दोन ओळींचं, त्या दोन नाभीपाशी. "रत्नखचित फरा" ही ओळ मुखापाशी. त्या कडव्याच्या उरलेल्या तीन ओळी, पुन्हा धृपदाच्या दोन आणि "लंबोदर"पासूनच्या दोन, अशा सात फेऱ्या सर्वांगावरून. चौदा पुऱ्या होतात आणि पुढची ओळ येते "दास रामाचा वाट पाहे सदना". ही रामदासांची नाममुद्रा. आमच्या घरी इथे ताट दुसऱ्याच्या हातात देतात. धृपद दोनदा म्हणत असाल तर फेऱ्या एकदाच मोजा. देव्हाऱ्यातली मूर्ती चार बोटांची असली तर ताट दोन बोटं वर-खाली झालं तरी पुरतं. तुमच्या कुळाची रीत वेगळी असेल तर तीच पाळा.

दोन शब्द जपून म्हणा. "सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची" यात उटी आहे, ओटी नाही. उटी म्हणजे अंगाला लावलेला लेप. शेवटी "संकटी पावावे" आहे, "संकष्टी" नाही. ही आरती फक्त चतुर्थीची नाही, रोजची आहे.

कापूर निरांजनात टाकू नका. ज्योत एकदम मोठी होते, वाटी तापते आणि तूप पेटतं. कापूरारती वेगळी घ्या, दांड्याची, आणि कापूर पेटवा तो आरत्या संपून "कर्पूरगौरं" सुरू करताना. आधीच पेटवला तर श्लोकापर्यंत तो उरत नाही. चांगला कापूर जळून मागे काही ठेवत नाही, खाली पांढरा खर राहिला तर भेसळ समजा. उन्हाळ्यात तो डबीतच उडून जातो, म्हणून झाकण घट्ट लावा आणि महिन्याला पुरेल एवढाच न्या.

घालीन लोटांगणाला स्वतःभोवती फिरण्याआधी ताट खाली ठेवा. लहान मुलाच्या हातात ताट असेल तर हे विसरू नका, गरम तुपाचा चटका वाईट असतो. मग सगळ्यांनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावावा. निरांजनावर फुंकर घालायची नाही. ते आपलं आपण शांत होऊ द्या.

निरांजनाची तक्रार घेऊन याल तेव्हा तुमची फुलवात आणि वाटीभर तूपही सोबत आणा. आपण इथेच लावून बघू. वाटी गळत असेल किंवा डगमगत असेल तर लगेच बदलून मिळेल. लावून बघायचे पैसे लागत नाहीत.