फिल्टर्ड की स्मूद्ड? एकाच तिमाहीचे मंदीचे दोन आकडे

व्यापारचक्राच्या मॉडेलवर कुणी भाषण दिलं की पडद्यावर बहुतेक वेळा मंदीच्या शक्यतेचा एक देखणा आलेख येतो. मंदी नसताना रेषा तळाशी सपाट असते, मंदी सुरू होताच ती सरळ वर जाते. नेमक्या तिथेच राखाडी पट्टा असतो, म्हणजे अमेरिकेच्या एनबीईआर या संस्थेने ठरवलेल्या मंदीच्या तारखा. मग वक्ता म्हणतो, "बघा, मॉडेलने मंदी बरोबर ओळखली." मीही एकदा असंच म्हणालो होतो. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "ही रेषा फिल्टर्ड की स्मूद्ड?" ती स्मूद्ड होती आणि माझं वाक्य तिथेच पडलं.

मॉडेल अर्थशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांचं, 1989 सालचं. त्यांनी अमेरिकेच्या वास्तव जीएनपीची 1951 ते 1984 मधली तिमाही वाढ घेतली आणि असं मानलं की अर्थव्यवस्था कुठल्याही तिमाहीत तेजी किंवा मंदी यांपैकी एका अवस्थेत असते. ती अवस्था आपल्याला दिसत नाही, दिसते फक्त वाढ. आकडेवारीतून निघालं ते असं: तेजीत तिमाहीला सरासरी सुमारे 1.2 टक्के वाढ, मंदीत सुमारे 0.4 टक्के घट. तेजीनंतरची तिमाही तेजीचीच असण्याची शक्यता 90 टक्के, मंदीनंतर मंदीचीच असण्याची 75 टक्के. म्हणजे तेजी सरासरी दहा तिमाही टिकते, मंदी चार.

अवस्था दडलेली असल्यामुळे मॉडेल "मंदी आहे" असं म्हणत नाही, "मंदीची शक्यता इतकी" असं सांगतं. गोंधळ होतो तो इथेच, कारण एकाच तिमाहीसाठी ते असे दोन आकडे देतं. फिल्टर्ड आकडा त्या तिमाहीपर्यंतचीच माहिती वापरतो. स्मूद्ड आकडा पुढची सगळी वर्षंही पाहून मग मागच्या तिमाहीबद्दल बोलतो. पहिल्याला उद्याचं ठाऊक नसतं, दुसऱ्याकडे पश्चातबुद्धी असते.

हाताने करून पाहू. वरचेच ठोकळ आकडे घेऊ, वाढीतली चढउतार (प्रमाण विचलन) 0.8 धरू आणि मूळ मॉडेलमधला मागच्या चार तिमाहींचा परिणाम सोडून देऊ. समजा मागच्या तिमाहीअखेर मंदीची शक्यता 5 टक्के होती. नवा आकडा येण्याआधीच ती थोडी वाढते: 0.05 × 0.75 + 0.95 × 0.10, म्हणजे 13.25 टक्के. आता आकडा आला, उणे 0.4. मंदीत हा आकडा अगदी सरासरीचा. तेजीत तो सरासरीपासून दोन प्रमाण विचलनं खाली, म्हणून मंदीच्या मानाने त्याचं वजन `exp(-2)`, म्हणजे 0.135 एवढंच. दोन्ही बाजू तोलल्या तर:

```
0.1325 / (0.1325 + 0.8675 × 0.135) ≈ 0.53
```

फिल्टर्ड शक्यता 53 टक्के. एवढा वाईट आकडा येऊनही मॉडेल कुंपणावरच बसतं, कारण एखादी तिमाही तेजीतही वाईट जाऊ शकते.

पुढच्या तिमाहीत पुन्हा उणे 0.4 आला, तर तिची फिल्टर्ड शक्यता 86 टक्क्यांच्या आसपास जाते. पण मॉडेल मागे वळून आधीच्या तिमाहीकडेही पाहतं आणि तिथले 53 आता 80 होतात. उलट पुढचा आकडा अधिक 1.2 आला असता, तर त्याच 53 चे 30 झाले असते. तिमाही तीच, तिची वाढ तीच, बदललं ते फक्त नंतर काय झालं ते. मागे येण्याचं हे गणित साधारणपणे किम यांच्या 1994 च्या पद्धतीने होतं: आधी फिल्टर पुढे चालवायचा, मग शेवटच्या तिमाहीपासून उलट्या पावली यायचं.

यावरून आलेख पाहून दोन्ही वेगळे कसे ओळखायचे तेही कळतं. फिल्टर्ड रेषा खडबडीत असते, मधूनच 40-50 ला शिवून परत येते. स्मूद्डमध्ये असे खोटे इशारे बहुधा पुसले गेलेले असतात, म्हणूनच ती देखणी दिसते. शेवटच्या तिमाहीत दोन्ही आकडे सारखेच असतात, कारण पुढचं पाहायला काही उरलेलंच नसतं. खात्रीची परीक्षा आणखी सोपी: मॉडेलचे गुणांक तेच ठेवून एक नवी तिमाही जोडा. जुने आकडे हलले तर ते स्मूद्ड.

पायथनमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी मिळतात, आणि चुकीचं उचललं जातं ते त्यामुळेच:

```python
import statsmodels.api as sm
res = sm.tsa.MarkovAutoregression(
    y, k_regimes=2, order=4, switching_ar=False).fit()
res.filtered_marginal_probabilities
res.smoothed_marginal_probabilities
```

शून्य क्रमांकाची अवस्था मंदीचीच असेल असं मात्र धरू नका. `const[0]` आणि `const[1]` पाहा, ज्याची सरासरी कमी ती मंदी.

स्मूद्ड आकडा वाईट नाही. "मंदी नेमकी कधी सुरू झाली होती?" हा इतिहासाचा प्रश्न असेल तर तोच वापरावा. एनबीईआरची समितीसुद्धा मागे वळूनच ठरवते. डिसेंबर 2007 मध्ये तेजीचं शिखर आलं होतं हे तिने 1 डिसेंबर 2008 ला जाहीर केलं. लेहमन ब्रदर्स बुडून तेव्हा अडीच महिने झाले होते. वरातीमागून घोडं म्हणावं तसं, पण तारीख पक्की. "आज मंदी आहे का?" याला मात्र फिल्टर्ड आकडाच उत्तर देऊ शकतो. हॅमिल्टन यांनी यात एक मधला मार्ग काढला. `JHGDPBRINDX` या नावाने फ्रेड या आकडेवारीच्या संकेतस्थळावर मिळणारा त्यांचा निर्देशांक फक्त एक तिमाही थांबतो, आपल्या उदाहरणात 53 चे 80 किंवा 30 होईपर्यंत. तो 67 च्या वर गेला तर मंदी सुरू, 33 च्या खाली आला तर संपली. त्याच फ्रेडवरची `RECPROUSM156N` ही मालिका स्मूद्ड आहे, तिचे मागचे आकडे बदलत राहतात. या दोन्ही मालिका एकच समजू नका.

फिल्टर्ड वापरलं की आपण सुटलो, असंही नाही. संगणकाने दिलेल्या फिल्टर्ड आकड्यातही भविष्य चोरपावलांनी शिरलेलं असतं, कारण 90 टक्के, 75 टक्के हे गुणांक संपूर्ण काळाच्या आकडेवारीवरून काढलेले असतात. शिवाय आज आपण जी जीडीपी वापरतो ती त्या वेळी कुणाच्या हातात नव्हतीच. 2008 च्या शेवटच्या तिमाहीची घट आधी वार्षिक दराने 3.8 टक्के जाहीर झाली होती. पुढच्या सुधारणांत ती 8 टक्क्यांच्या पलीकडे गेली. "मॉडेलला तेव्हाच कळलं असतं" असं म्हणायचं असेल तर त्या दिवशी उपलब्ध असलेलीच आकडेवारी घेऊन, प्रत्येक तिमाहीला गुणांक नव्याने काढून फिल्टर चालवावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून फार थोडे लोक करतात.

भारताच्या आकड्यांवर हे चालवावं असं अनेकांच्या मनात येतं. आपली तिमाही जीडीपी मालिका 1996-97 पासूनची आहे आणि त्यात अर्थव्यवस्था खरोखर आकसल्याचा ठळक प्रसंग एकच, 2020 चा. हॅमिल्टन यांनी घेतलेल्या काळात अमेरिकेने सात मंद्या पाहिल्या होत्या. इथे दोन अवस्थांचं मॉडेल बसवलं तर एक अवस्था ती टाळेबंदीची घसरगुंडीच गिळून बसते आणि बाकीची सगळी वर्षं दुसऱ्या अवस्थेत कोंबली जातात. तिथे फिल्टर्ड आणि स्मूद्ड दोन्ही रेषा जवळपास एकसारख्या येतात, दोन्ही 2020 मध्ये शंभराला भिडलेल्या आणि एरवी शून्याजवळ पडलेल्या.