‘संयम’ म्हणावं की ‘मिलाफ’: टॅरोच्या चौदाव्या पानाची पार्श्वभूमी

नवं लग्न झालेल्या किंवा नुकतंच एकत्र राहायला लागलेल्या जोडप्याने ‘आमचं जमेल ना’ असं विचारून टॅरोचं एकच पान उचललं आणि टेम्परन्स हे चौदावं पान आलं, की नागपुरात त्याची दोन वाचनं ऐकू येतात. धीर धर, बोलू नको, हे एक. दोघं थोडं थोडं एकमेकांत मिसळा, हे दुसरं. चित्र तर एकच आहे. फरक पडतो तो पानाच्या मराठी नावामुळे.

टॅरोचा जन्म पंधराव्या शतकात उत्तर इटलीत झाला, तोही खेळायचे पत्ते म्हणून. भविष्य बघण्याचा वापर फार नंतरचा, अठराव्या शतकातल्या फ्रान्समधला. जुन्या इटालियन पानावर एक बाई एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात काहीतरी ओतताना दिसते. तिला पंख नाहीत, आजूबाजूला गूढ असं काही नाही. त्या काळी ते चित्र बघणाऱ्याला लगेच कळत असे, कारण युरोपात वाइन पाणी घालून पिण्याची रीत होती आणि ते प्रमाण सांभाळणं हाच सद्गुण मानला जाई. लॅटिन ‘टेम्पेरारे’चा अर्थही तोच आहे: योग्य मापात मिसळणं. पोलादाला टेम्पर देणं हे याच मुळातून आलं. आपला लोहारही विळ्याला ‘पाणी देतो’, म्हणजे तिथे मराठी आपसूक पाण्यापर्यंत पोहोचली होती.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतला हा शब्द दारूविरोधी चळवळीने उचलला. पाणी घालून पिणं मागे पडलं, अजिबात न पिणं हाच अर्थ रूढ झाला. आपल्याकडे शब्द आला तो हा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे, त्यामुळे नागपूरच्या माणसाला टेम्परन्स म्हटलं की आधी बंदीच आठवते. दारूत पाणी ओतणाऱ्या बाईच्या चित्राला बंदीचा शब्द चिकटला, हा विनोद कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. मग भाषांतर झालं ‘संयम’. संयम म्हणजे निग्रह, स्वतःला आवरणं. तो एकट्याने पाळायचा असतो. पानावर मात्र पेले दोन आहेत. ‘समतोल’ हा पर्यायही सुचवला जातो, पण त्याने तराजू डोळ्यापुढे येतो, आणि तराजू न्यायाच्या पानावर आधीच आहे. माझं मत ‘मिलाफ’ला आहे. ते सर्वांना मान्य नाही, हेही खरं.

आज बहुतेकांच्या हातात असतं ते 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या संचातलं चित्र. लाल पंखांचा देवदूत, एक पाय जमिनीवर, दुसरा पाण्यात. दोन सोनेरी पेल्यांमधली धार तिरकी, खरं पाणी कधी जाणार नाही इतकी तिरकी जाते. मागे तळ्यापासून डोंगरांकडे गेलेली वाट आणि तिच्या टोकाला उजेड. संच रचणाऱ्याने लिहून ठेवलं आहे की ही आकृती पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. जोडप्यासाठी वाचताना मला हीच ओळ सर्वांत उपयोगी वाटते. नवरा किंवा बायको म्हणजे देवदूत नव्हे. ते दोघं म्हणजे दोन पेले, आणि देवदूत म्हणजे त्यांनी मिळून लावलेली घडी. प्रश्न विचारणाऱ्यालाच देवदूत ठरवलं की मिसळण्याचं सगळं काम एकाच्या गळ्यात पडतं, आणि आपल्याकडे ते कोणाच्या पडतं हे सांगायला नको.

1909 चा संच रचणाऱ्याच्याच 1911 च्या पुस्तकात उलट्या पानाचे अर्थ दिले आहेत: बेबनाव, न जमणारे संयोग, एकमेकांवर उठणारे हितसंबंध. त्याच यादीत, कधीकधी, विचारणाऱ्याचं लग्न लावणारा पुरोहितही आहे! म्हणजे लग्नाशी या पानाचा संबंध आजच्या मोबाइलवरच्या रोजच्या पानांनी जोडलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्येच दुसऱ्या एका संचाने पानाचं नावच बदलून ‘कला’ केलं आणि प्रेमिकांच्या पानावरचं जोडपं एकाच देहात, दोन चेहऱ्यांसह, विरघळवून टाकलं. चित्र देखणं आहे. पण नव्या संसारासाठी मी ते वापरत नाही, कारण त्यात दोन पेले उरत नाहीत.

एकटं पान वाचताना आणखी एक वाद उभा राहतो. क्रमाने या पानाच्या आधी तेरावं मृत्यूचं आणि नंतर पंधरावं सैतानाचं पान येतं. काही वाचक ते शेजारी गृहीत धरतात: एकटेपणाचं आयुष्य संपलं, आता मिसळा, नाहीतर बेडी पडेल. मला हे पटत नाही. पुढ्यात नसलेलं पान वाचायचं नसतं, आणि हा क्रमही एकमेव नाही. इटलीतल्या फेरारा शहराकडच्या जुन्या क्रमात टेम्परन्स सहावं होतं आणि त्याच्या लगेच पुढे सातवं प्रेमाचं. शेजार धरायचाच तर मग हा का नको?

मनीषनगरच्या एका जोडप्याचं वाचन सांगते. तो मिहानमध्ये रात्रपाळीला, ती शाळेत शिक्षिका. त्याचं माहेर म्हणा हवं तर, वऱ्हाडातलं शेतकरी घर. तिचं इतवारीतलं हिंदी बोलणारं व्यापारी घर. लग्नाला चार महिने झाले होते. प्रश्न तिने विचारला: ‘आमचं एक घर कधी होईल?’ पान सरळ आलं. ‘कधी’चं उत्तर एकट्या पानात नसतं, ते मी आधीच सांगितलं आणि प्रश्न ‘कसं’ असा करून घेतला. मग दोघांनाही विचारलं, तुमच्या पेल्यात काय आहे? त्याच्याकडे दिवसाची झोप आणि गावी जाणारे पैसे. तिच्याकडे रविवारची माहेरची पंगत आणि स्वतःचं वेगळं खातं. यातलं ओतायचं काय, हा पुढचा प्रश्न. पानावरची धार बारीक आहे, कुठलाच पेला उपडा केलेला नाही, हे मी बोटाने दाखवलं. त्यांनी घरखर्चासाठी प्रत्येकी बारा हजार एका खात्यात टाकायचं ठरवलं आणि बाकीचं ज्याचं त्याच्याकडे राहू दिलं. पंगतीला तो महिन्यातले दोन रविवार जाणार होता.

सहा आठवड्यांनी ती एकटी आली. पैशाचं जमलं होतं. रविवारचं नाही, कारण शनिवारच्या पाळीनंतर तो चारही वेळा अर्धवट झोपेत गेला होता आणि एकदा वाढलेल्या ताटावरच पेंगला होता. दोनचे चार कसे झाले, विचारलं. तिच्या आईला बरं वाटावं म्हणून त्यानेच वाढवले, आणि तिने त्याला अडवलं नाही. तो स्वतःचा पेला उपडा करत होता आणि घरात सगळे त्याला समजूतदार म्हणत होते. वाचन चुकलं की नाही हे असं ओळखू येतं: धार एकाच बाजूने वाहत असेल आणि घरात तिला संयम म्हटलं जात असेल, तर थांबून मापं पुन्हा घ्यावी लागतात. तिने नवं पान मागितलं, मी काढलं नाही. पंगत रविवारच्या दुपारवरून बुधवारच्या संध्याकाळवर गेली, तेव्हा त्याची सुट्टी असते.