पारा उडालेला आरसा: पण पारा होता का?

आरशावर काळे डाग दिसले की आपण सरसकट म्हणतो, "पारा उडालाय." बहुतेक आरशांच्या बाबतीत ते खरं नसतं, कारण त्यांच्या पाठीला पारा कधी नव्हताच, तिथे चांदीचा पातळ थर असतो. पण खरोखर पाऱ्याचे आरसेही अजून भिंतींवर आहेत. दोन्हींचे डाग लांबून सारखेच वाटतात. उपाय मात्र इतके वेगळे आहेत की एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर आरसा कायमचा जातो.

चांदीचा आरसा आधी घेऊ. काचेवर रसायनांनी चांदी बसवता येते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1835 मध्ये दाखवलं. हा थर मायक्रॉनच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच जाड असतो. त्याच्या रक्षणासाठी मागून रंग देतात. नंतरच्या आरशांत चांदी आणि रंग यांच्या मध्ये तांब्याचाही थर आला. रंगाला बारीक छिद्र पडलं किंवा कडेचा रंग सुटला की तिथून ओल आणि हवेतला गंधकाचा अंश आत शिरतो आणि चांदी काळी पडते. म्हणून हे डाग बहुधा कडेपासून आत सरकतात, नाहीतर एखाद्या ठिपक्याभोवती गोल पसरत जातात. खालची कड सर्वांत आधी जाते आणि त्याला आपली पुसण्याची पद्धत जबाबदार असते: काचेवर फवारलेलं पाणी ओघळून खाली साचतं आणि तिथून मागे चढतं. त्यात अमोनिया असेल तर नुकसान आणखी लवकर होतं.

पाऱ्याचा आरसा याहून जुना. सोळाव्या शतकापासून साधारण 1900 पर्यंत असे आरसे बनत. सपाट दगडावर कथलाचा पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची आणि वजन ठेवून जादा पारा निथळू द्यायचा. तयार झालेल्या थरात कथील-पाऱ्याचे बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्या फटींत द्रव पारा उरतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू खाली झिरपतो, थोडा हवेत उडतो. मागे राहिलेलं कथील गंजतं. त्यामुळे इथले डाग काळ्याकुट्ट ठिपक्यांपेक्षा करड्या, रवाळ, चमचमत्या चट्ट्यांसारखे दिसतात.

ओळखायचं कसं? पांढरा कागद काचेला टेकवा आणि त्याचं प्रतिबिंब पाहा. चांदीत ते किंचित पिवळसर, उबदार दिसतं. पाऱ्यात निळसर-करडं आणि जरा अंधारं. जुन्या काचेचा स्वतःचा रंग इथे फसवू शकतो, म्हणून खरा निकाल पाठ देते. पाठीला तांबडा, तपकिरी किंवा करडा रंग दिलेला असेल तर चांदीची शक्यता जास्त. उघडा, रुपेरी-करडा, रवाळ धातू दिसला तर तो पाऱ्याचा समजा.

समजा, लाकडी चौकटीतला जुना आरसा आहे आणि खालच्या चार बोटांच्या पट्ट्यात डाग दाटलेत. पहिला अंदाज ओघळलेल्या पाण्याचा येतो. आरसा उभाच ठेवून मागची फळी काढली, तर रंग नाही आणि चौकटीच्या खाचेत मोहरीएवढे चकचकीत थेंब. तो पारा. इथे थांबायचं. पाठ खरवडायची नाही, पुसायचीही नाही. आरसा आडवा किंवा उलटा करायचा नाही, कारण खाली साचलेला द्रव पारा चांगल्या भागावरून वाहत जातो आणि नवे ओघळ उमटवतो. खिडक्या उघडा, अंगठ्या-बांगड्या काढा, हातमोजे घाला आणि थेंब कागदाच्या कडेने गोळा करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बरणी घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, तो पाऱ्याची वाफ खोलीभर करतो. मग आरसा उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, उभा ठेवा. गेलेला भाग परत येत नाही, उरलेला असाच टिकतो. त्यावर नवी चांदी चढवून घेणं म्हणजे मूळ थर खरवडून फेकणं, आणि माझ्या मते ती आरशाची दुरुस्ती नव्हे, नाश आहे. इलाज हवाच असेल तर जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्यालाच बोलवा.

चांदीच्या आरशात मोकळीक जास्त आहे. काळा झालेला ठिपका परत उजळत नाही, पण त्याची वाढ थोपवता येते: पाठ पूर्ण कोरडी करा, उघड्या कडांना आरशाच्या कडांचा सीलर लावा, भिंत आणि आरसा यांच्यात हवेला फट ठेवा आणि पुसताना पाणी काचेवर न फवारता फडक्यावर घ्या. डागामागे रुपेरी रंग लावण्याचा सल्ला ऐकू येतो, पण समोरून ते ठिगळ दिसतंच. साधा आरसा फारच खराब झाला असेल तर जुना थर काढून नवी चांदी चढवता येते. मात्र चांदी नवी झाली तरी काच तीच राहते, आणि डागांच्या आड लपलेले तिचे ओरखडे आता स्वच्छ दिसू लागतात.