चुंबकाला चिकटत नाही म्हणून डबा चांगला?

जून उजाडला की सांगलीच्या गणपती पेठेत पोरांच्या डब्यांसाठी भांड्यांच्या दुकानांत गर्दी होते. हल्ली या गर्दीत एखादं गिऱ्हाईक खिशातून चुंबक काढतं आणि डब्याच्या बुडाला लावून बघतं. चिकटलं तर डबा परत, नाही चिकटलं तर घासाघीस सुरू. व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओंनी ही परीक्षा घरोघरी पोचवली आहे. अडचण एवढीच की बाजारातलं सगळ्यात स्वस्त स्टील या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं.

मुळात स्टेनलेस स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळे. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्याला न दिसणारा पापुद्रा तयार होतो. तारेच्या घासणीने तो खरवडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळताच पुन्हा धरतो. चुंबकाचा या पापुद्र्याशी काही संबंध नाही. चुंबक सांगतं ते आतल्या अणूंच्या मांडणीबद्दल. लोखंडाचे अणू एका प्रकारे रचले तर धातू चुंबकाला चिकटतो, दुसऱ्या प्रकारे जास्त दाटीने रचले तर चिकटत नाही. या दुसऱ्या मांडणीला ऑस्टेनाइट म्हणतात. तिचा फायदा असा की पत्रा न फाटता खोल ओढता येतो, म्हणजे डबा बनवायला सोपा.

नेहमीच्या तापमानाला लोखंड आपणहून या मांडणीत राहत नाही, त्याला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. निकेल ते काम उत्तम करतं. क्रोमियम मात्र उलट्या बाजूला ओढतं. ही सरळसरळ रस्सीखेच आहे. ३०४ या ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियमसमोर ८ टक्के निकेल उभं असतं, म्हणूनच त्याला १८/८ म्हणतात. पण निकेल महाग. मग कारखानदार ते काढून मँगेनीज घालतो. मँगेनीज अणूंना त्याच मांडणीत धरायला मदत करतं, पण त्याचा जोर निकेलच्या निम्म्याच्या आसपास. जोडीला थोडा नायट्रोजन आणि तांबं घालावं लागतं. तरीही पुरत नाही. मग समोरच्या बाजूचा एक गडी कमी करायचा, म्हणजे क्रोमियम उतरवायचं.

खरी गोम इथे आहे. वाचवायचं होतं निकेल, पण त्याच्याबरोबर गंजापासून राखणारं क्रोमियमही खाली येतं. बाजारात ज्याला ‘जे फोर’ म्हणतात त्यात निकेल जेमतेम एक टक्का, मँगेनीज नऊच्या आसपास आणि क्रोमियम पंधरा-सोळा असतं. २०२ ग्रेड ३०४ आणि जे फोर यांच्या मधलं: निकेल चार ते सहा टक्के. तिन्ही चकाकतात सारखेच आणि कोरे असताना तिन्ही चुंबकाला दाद देत नाहीत.

उलट गंमत बघा. ४३० नावाच्या ग्रेडमध्ये निकेल जवळपास नसतंच, पण क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. ते चुंबकाला कडकडून चिकटतं, म्हणून बिचारं नापास होतं. आणि अस्सल ३०४ चा डबासुद्धा प्रेसमध्ये खोल ओढला की कोपऱ्यांत आणि काठाशी अणूंची मांडणी थोडी बदलते आणि तिथे चुंबक हलकंसं लागतं. तिथे ‘फसवलं’ म्हणून दुकानदाराशी भांडू नये. जाड गेज किंवा जड वजन यावरूनही ग्रेड कळत नाही. जे फोरचा पत्राही जाड काढता येतो.

हे सगळं ताटाला फारसं लागू होत नाही. ताट उघडं असतं, जेवण झालं की विसळलं जातं. डब्याचं तसं नाही. आमच्या शेजारचे काका कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांच्या डब्यात रोज खाली ताक किंवा आमटी, वर भाकरी आणि कडेला लोणच्याची फोड. घट्ट बसणारा, क्लिपचा डबा मोठ्या हौसेने घेतला. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या झाकणात तपकिरी ठिपक्यांची माळ उमटली. आतली भिंत लख्ख, बूड लख्ख, ठिपके फक्त रबराच्या रिंगखाली.

रिंग आणि धातू यांच्यातल्या फटीत मीठ-आंबटाचं पाणी शिरतं, पण हवा खेळत नाही. तिथला ऑक्सिजन संपला की पापुद्रा स्वतःला सांधू शकत नाही. थोडा धातू विरघळतो. त्याचे धनभारित कण मिठातल्या क्लोराइडला फटीत ओढून आणतात, पाण्याशी क्रिया होऊन तिथे आम्ल तयार होतं, आणि आम्लामुळे आणखी धातू विरघळतो. एकदा सुरू झालं की हे चक्र आपलं आपणच चालतं. क्रोमियम जितकं कमी, तितकं ते लवकर सुरू होतं. ३०४ सुद्धा यातून पूर्ण सुटत नाही, पण बराच तग धरतं.

काकांनी तो डबा भंगारवाल्याकडे नेला. त्याने बुडाला बाहेरून तपासणीच्या द्रवाचा एक थेंब टाकला आणि नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली. थेंब गुलाबी-लाल झाला, म्हणजे मँगेनीज भरपूर. हे लोक निकेलप्रमाणे भाव देतात, त्यामुळे त्यांना ग्रेड ओळखावाच लागतो. तो द्रव आम्लधर्मी असतो, डब्याच्या आतून मात्र हा प्रयोग करू नये.

म्हणून झाकण आधी उलटं करून बघा. रिंग नखाने सहज निघते का? तिची खाच उथळ आणि गोलसर आहे की अरुंद आणि खोल? काठ दुमडून आत पोकळी ठेवली असेल तर तिथे शिरलेलं पाणी कधीच नीट सुकत नाही. कडी किंवा क्लिप स्पॉट वेल्डिंगने लावली असेल तर तो जोड आतल्या बाजूला उघडा नसावा. हवेचं बटण असलेल्या झाकणात आणखी एक फट असते, तीही उघडून धुता आली पाहिजे. सुकं नेणाऱ्याला तर रिंगची गरजच नाही. आपला जुना, घट्ट बसणारा साधा डबा चटणी-भाकरीला पुरतो.

बनवणारा कसा ओळखायचा? डब्यावर आणि बिलावर ग्रेड लिहून देतो का, हे विचारा. स्टिकर कुणीही चिकटवतो, ठसा बुडात उमटवलेला बरा. २०२४ साली केंद्राने स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. भांड्यांचं मानक आहे आयएस १४७५६. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की बनवणाऱ्याचं नाव दिसतं. पण कमी निकेलच्या स्टीललाही वेगळं भारतीय मानक आहे, आयएस १५९९७, त्यामुळे आयएसआय म्हणजे ३०४ असा अर्थ काढू नका. ‘सर्जिकल स्टील’, ‘हेल्दी स्टील’, ‘अल्कलाइन डबा’ हे शब्द तर ग्रेड नाहीतच. दुकानदाराने यांवर जितका वेळ घालवला, तितका ग्रेडबद्दल संशय वाढवावा.

जे फोर हे काही विष नाही. पीठ, डाळ, साखर ठेवायला घेतलंत तर पैसे वाया जाणार नाहीत. ताक, लोणचं, टोमॅटोची आमटी, आमसुलाचं सार यांच्यासाठी मात्र ३०४ च मागा, आणि संध्याकाळी रिंग काढून झाकण वेगळं वाळत टाका. बरोबर जादा रिंग मिळते का तेही विचारा. डबा वीस वर्षं टिकला तरी रबर तेवढं टिकत नाही, आणि सैल रिंगच्या मागे पाणी आणखीच साचतं.